आठ वर्षांच्या हातचा गणपती

मुलांबरोबर घरी गणपती करायचा असेल, तर चतुर्थीच्या आधी किमान दहा-बारा दिवस माती भिजायला हवी. मूर्ती घडवायला एक दुपार पुरते. बाकीचे दिवस लागतात ते तिच्यातलं पाणी बाहेर पडायला. श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत ते अगदी संथपणे उडतं, आणि घरगुती मूर्तींचे बहुतेक घोटाळे घडवताना नाही, तर या वाळण्याच्या काळातच होतात.

शाडू ही अतिशय बारीक कणांची, करड्या-पांढऱ्या रंगाची माती. पेणच्या कारखान्यांत ती प्रामुख्याने गुजरातेतून येते. बाजारात भुकटी मिळते आणि भिजवलेली तयार मातीही. आठ वर्षांच्या मुलाबरोबर करायची तर मी भुकटीच घेईन, कारण माती मळण्यातच मुलाचा हात तिला सरावतो. सात इंचांच्या मूर्तीला दोन किलो भुकटी पुरते. तिला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, पण ते एकदम ओतू नये. मळलेला गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवला की पाणी सगळीकडे सारखं मुरतं. सकाळी बोटाएवढी जाड वळी करून ती बोटाभोवती वाकवायची. वळीला तडे गेले तर माती कोरडी आहे, आणि हाताला चिकटली तर ओली. ही परीक्षा मुलाकडेच सोपवावी.

गेल्या वर्षी आठ वर्षांच्या भाचीबरोबर मूर्ती केली, तेव्हा आम्ही कामं वाटून घेतली होती. आसन, मांडी आणि पोट या जड भागांना मी हात लावायचा. सोंड, कान, हात, मुकुट, मोदक आणि उंदीर तिचे. पाटावर वर्तमानपत्राचा कागद घालून त्यावर दीड सेंटिमीटर जाडीचं आसन थापलं. हा कागद विसरू नये. वाळताना माती आक्रसते, सात इंचांची मूर्ती साडेसहाच्या आसपास येते. आसन पाटाला चिकटलेलं असलं तर त्याला सरकता येत नाही आणि ते मधोमध फाटतं. तारेचा सांगाडा घालू नये तोही याच कारणाने. माती आक्रसते, तार आक्रसत नाही, आणि तारेच्या रेषेत भेग पडते.

मुलं एक गोष्ट हमखास करतात. सोंडेची छान वळी करतात आणि ती चेहऱ्यावर नुसती दाबून बसवतात. ओली असेपर्यंत ती राहते, वाळली की अलगद सुटते. म्हणून जोडताना दोन्ही बाजू काडीने आडव्या-उभ्या खरवडायच्या, मधे शाडूचा दह्याइतका दाट चिखल लावायचा, मग दाबून कडा एकमेकींत मिसळून टाकायच्या. हे एकदा दाखवलं की मुलं मन लावून करतात. भाचीने खरवडताना विचारलं, “मावशी, त्याला दुखत नाही ना?” मी म्हटलं, “अगं, असं केलं नाही तर सोंड गळून पडेल.” तिला ते पटलं.

सोंड हवेत लोंबती ठेवू नये, ती पोटावर टेकवावी. हात मांडीवर किंवा छातीशी टेकलेले असावेत. उगारलेला हात देखणा दिसतो, पण आठ वर्षांच्या बोटांनी केलेला तो सहसा वाळेपर्यंत टिकत नाही. परशू आणि पाश हवेच असतील तर ते पाठीमागच्या प्रभावळीवर उठावात करावेत.

दुसरी सवय पाण्याची. गुळगुळीत व्हावं म्हणून मुलं सारखी बोटं बुडवून मूर्तीवर फिरवतात. वरचा थर आतल्यापेक्षा ओला होतो, जास्त आक्रसतो, आणि दुसऱ्या दिवशी अंगभर बारीक भेगांचं जाळं उठतं. वाटीत पाणी ठेवण्याऐवजी ओलसर स्पंज द्यावा. त्याने पुरेसं गुळगुळीत होतं.

आता वाळवण्याकडे येऊ. कान पातळ, तो एका दिवसात वाळतो. पोट जाड, त्याला आठवडा लागतो. कान आक्रसून घट्ट झाला, पोट अजून फुगलेलं, आणि ताण पडतो दोघांच्या सांध्यावर. कानाच्या मुळाशी भेग दिसते ती यामुळे. उपाय दोन. पहिले दोन दिवस कान, सोंडेचं टोक आणि बोटांवर ओलसर फडकं किंवा प्लॅस्टिकची पिशवी सैल टाकायची. आणि नखाने ओरखडा उठतो, पण बोट रुतत नाही इतपत माती घट्ट झाली, की मूर्ती हळूच आडवी करून तळातून चमच्याने पोट कोरायचं, भिंत दोन सेंटिमीटर ठेवून. वाळण्याचा वेळ बराच कमी होतो. पंख्याचा झोत किंवा ऊन थेट लागू देऊ नये, आणि मूर्ती रोज थोडी फिरवत राहावी.

वाळली की नाही हे कसं ओळखायचं? रंग करड्यावरून फिका होतो, पण तो वरचाच असू शकतो. खात्रीची खूण म्हणजे मूर्तीची पाठ गालाला लावून बघणं. आत ओल असेल तर गार लागतं, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. भाची रोज शाळेतून आली की आधी गाल लावून बघायची.

तरी भेग पडलीच, तर ओली माती भरू नये. ती वाळताना आक्रसून गळून जाते. टिश्यू पेपरचे तुकडे भिजवून शाडूच्या दाट चिखलात कालवावेत आणि ते थोडं थोडं दाबून भरावं. कागदाचे धागे भेग धरून ठेवतात.

रंग पूर्ण वाळल्यावरच द्यावा. गेरू, हळद, खडूची पूड डिंकाच्या पाण्यात कालवून चालते. ब्रश मात्र जवळजवळ कोरडा हवा. वाळलेली कच्ची माती पाणी पटकन पिते, आणि भिजलेल्या ब्रशने पुसताना नाकडोळे धुऊन निघतात. ऑइलपेंट नको, कारण त्याचा पापुद्रा विसर्जनाच्या वेळी पाणी आत जाऊ देत नाही. डोळ्यांची आखणी मुलालाच करू द्या. एक डोळा मोठा झाला तरी चालेल. रात्री मूल झोपल्यावर मोठ्यांनी तो नीट करू नये. मुलाला ते सकाळी पहिल्या नजरेत कळतं.

विसर्जन बादलीत करावं. त्याआधी फुलं, दुर्वा, वस्त्र, माळा काढून घ्याव्यात. पूर्ण वाळलेली मूर्ती पाण्यात टाकली की पाणी मातीच्या सूक्ष्म छिद्रांत घुसतं, आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि माती थरांनी सुटत जाते. अर्धवट ओली मूर्ती मात्र तशीच बसून राहते, हे पुष्कळांना उलटं वाटतं. शाडू पाण्यात साखरेसारखी विरघळून नाहीशी होत नाही, गाळ होऊन तळाशी बसते, म्हणून नदीतही तिची भर नकोच. कुंडीतही सगळी ओतू नये. तिचे बारीक कण वाळून घट्ट थर धरतात आणि पाण्याचा निचरा अडतो. गाळ बसल्यावर वरचं पाणी ओता, माती जुन्या सुती कापडात पसरून वाळवा आणि कुटून डब्यात भरून ठेवा. पुढच्या वर्षी तीच भिजवा. कमी पडली तर किलोभर नवी शाडू पुरेल.