तीस हजार अंतरे विचारण्याआधी

सातारा जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला रस्त्याने सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे शोधायचे आहे. हिशेबापुरती दीड हजार गावे आणि वीस रुग्णालये धरू. एका गावापासून एका रुग्णालयापर्यंतचे अंतर नकाशावर कोणीही काढू शकते. इथे मात्र जोड्या तीस हजार होतात. अशा वेळी ‘डिस्टन्स मॅट्रिक्स’ सेवा कामी येते. निघण्याची आणि पोहोचण्याची ठिकाणे एकदम पाठवली की ती प्रत्येक जोडीचे अंतर आणि वेळ परत देते.

पैसे किती वेळा विचारले यावर नव्हे, तर किती जोड्या विचारल्या यावर लागतात. गूगलच्या रूट्स सेवेत एका जोडीला एलिमेंट म्हणतात. त्यांच्या जागतिक दरपत्रकात साधा दर हजार एलिमेंटना 5 डॉलर असून महिन्याला पहिले 10,000 फुकट आहेत. म्हणजे आपल्या तीस हजारांचे 100 डॉलर होतात. वाहतुकीची गर्दी धरून वेळ मागितली, तर दर दुप्पट होतो आणि फुकटचा वाटा निम्म्यावर येतो. त्याच कामाचे मग 250 डॉलर पडतात. भारतातल्या खात्यांसाठी वेगळे, स्वस्त दरपत्रक आहे, पण मोजणी एलिमेंटवरच होते. जवळचे रुग्णालय ठरवायला गर्दीची गरज नाही, तेव्हा तो पर्याय बंदच ठेवावा.

दुसरी अडचण मर्यादेची. एका मागणीत जास्तीत जास्त 625 एलिमेंट चालतात आणि मिनिटाला 3,000. वीस रुग्णालयांसमोर एका वेळी 31 गावे ठेवली की 620 होतात. मिनिटात अशा चार मागण्या बसतात, पाचवी परत येते आणि 429 हा आकडा दिसतो. तो दिसताच लगेच पुन्हा धडका मारू नयेत. आधी थोडे थांबावे, पुन्हा नकार आला तर थांबण्याची वेळ दुप्पट करावी. गावे नावाने किंवा पत्त्याने पाठवली, तर दोन्ही बाजू मिळून 50 ठिकाणांचीच मुभा असते. म्हणून अक्षांश-रेखांश पाठवणे बरे.

पण खरी बचत न विचारण्यात आहे. साताऱ्याच्या गावाला साठ किलोमीटरवरचे रुग्णालय विचारायचेच कशाला? हवाई अंतर आपल्याच संगणकावर सूत्राने फुकट निघते, आणि रस्ता हवाई अंतरापेक्षा कधीच कमी भरत नाही. या एका गोष्टीवर सगळी युक्ती उभी आहे. समजा, एका गावापासून पाच रुग्णालयांची हवाई अंतरे 6, 9, 11, 17 आणि 24 किलोमीटर आहेत आणि बाकीची त्याहून लांब. पहिली तीनच विचारली, तर रस्त्याची अंतरे 22, 13 आणि 16 आली. सर्वांत कमी 13. चौथे हवेतूनच 17 वर आहे, ते जिंकूच शकत नाही. काम संपले.

आता कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठचे गाव घ्या. तापोळा-बामणोलीच्या परिसरात पाण्यावरून समोर दिसणाऱ्या जागी रस्त्याने जायला मोठा वळसा पडतो. तिथे तीन उत्तरे 31, 26 आणि 29 आली, तर 17 आणि 24 वरची रुग्णालयेही विचारावी लागतात. सरसकट ‘जवळची तीन’ म्हणून थांबणारा नेमका अशाच गावांबाबत चुकतो. या पद्धतीने पहिल्या फेरीत 4,500 एलिमेंट लागतात आणि अवघड गावांसाठी थोडे जास्त. आपल्या उदाहरणात सगळे काम फुकटच्या 10,000 मध्ये बसू शकते. मात्र ही खात्री अंतरापुरती आहे. वेळ हवी असेल, तर हवाई अंतराला त्या भागातल्या सर्वाधिक वेगाने भागून तीच तुलना करावी लागेल.

उत्तरे वाचताना एक धोका आहे. ती ज्या क्रमाने विचारली त्याच क्रमाने येतील, असे नाही. प्रत्येक उत्तरासोबतचे `originIndex` आणि `destinationIndex` पाहूनच गाव व रुग्णालय जुळवावे, नाहीतर तक्ता दिसायला नीट आणि आतून पूर्ण चुकीचा होतो. `condition` मध्ये `ROUTE_NOT_FOUND` असेल, तर ते शून्य अंतर नव्हे, रस्ता सापडलेला नाही. हवाई अंतरापेक्षा कमी रस्ता दाखवणारी ओळ दिसली, तर गावाचा बिंदू दुसऱ्याच रस्त्यावर ओढला गेला आहे का, हे नकाशावर तपासा.

गूगलची उत्तरे कायमची साठवण्यावर त्यांच्या अटींची बंधने आहेत. जिल्ह्याचा तक्ता वर्षानुवर्षे वापरायचा असेल, तर ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारे ओएसआरएम स्वतःच्या संगणकावर बसवणे योग्य. त्यात एलिमेंटचे बिल नाही, पण चालू गर्दीही कळत नाही आणि नकाशात न भरलेला रस्ता त्याला दिसत नाही.

गूगलच वापरणार असाल, तर पहिली मागणी पाठवण्याआधी खात्याच्या कोटा पानावर स्वतःची कमाल मर्यादा घाला. बजेटचा इशारा फक्त कळवतो, तो खर्च थांबवत नाही.