संभाषणाची लिंक आणि तिच्यासोबत जाणारे दाखले

प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराची तयारी सुरू झाली, की धर्मशिक्षकांपुढे मुलांच्या स्नानसंस्काराच्या दाखल्यांची चळत जमू लागते. प्रत्येक दाखल्यावरील नाव, जन्मतारीख, स्नानसंस्काराची तारीख, आईवडिलांची व धर्ममातापित्यांची नावे उतरवून यादी करणे हे वेळखाऊ काम आहे. त्यामुळे काही जण आता दाखल्यांचे फोटो चॅटजीपीटीसारख्या सेवेला देऊन यादी तयार करवून घेतात. यादी काही मिनिटांत हाती येते. खरी अडचण त्यापुढच्या पायरीवर, म्हणजे ती यादी इतरांना दाखवताना उद्भवते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या धर्मग्रामातील शिक्षिकेने २४ मुलांच्या दाखल्यांचे फोटो टप्प्याटप्प्याने एकाच संभाषणात अपलोड केले. मधेच एका दाखल्याच्या तळाशी असलेला शेरा तिला नीट वाचता आला नाही, म्हणून तिने त्याचा अर्थही विचारून घेतला. ते मूल दत्तक घेतलेले आहे, अशी ती नोंद होती. शेवटी सुबक यादी तयार झाली. पालकांनी आपापल्या मुलाच्या नावाचे स्पेलिंग तपासावे म्हणून तिने 'Share' बटण दाबले आणि मिळालेली लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. आपण यादी पाठवली, असे तिला वाटले. प्रत्यक्षात तिने संपूर्ण संभाषण पाठवले होते.

अशी लिंक तयार करताना त्या क्षणापर्यंतच्या संभाषणाची प्रत त्या सेवेच्या संगणकावर वेगळी ठेवली जाते. शेवटचे उत्तर तेवढे तिच्यात जाते असे नाही. पहिल्या प्रश्नापासूनचे सर्व प्रश्न, सर्व उत्तरे आणि त्या सेवेचा नियम तसा असेल तर अपलोड केलेली चित्रेसुद्धा तिच्यात येतात. लिंक तयार झाल्यावर आपण पुढे काही लिहिले, तर ते आपोआप त्या प्रतीत जात नाही. मात्र आधीचे काहीही आपोआप गळूनही पडत नाही. शेऱ्याविषयीचा तो मधला प्रश्न यादीच्या बराच वर, पण त्याच पानावर राहतो.

ते पान कोण पाहू शकतो? ज्याच्या हाती लिंक आहे तो प्रत्येक जण. लिंकमधील अक्षरे आणि अंक लांबलचक व अटकळीने न सापडणारे असतात, हे खरे. परंतु लिंकला कुलूप नसते. गटातील पालकांची नावे कोठे नोंदलेली नसतात आणि उघडणाऱ्याची ओळखही विचारली जात नाही. एका पालकाने ती आपल्या नातेवाइकाला पुढे पाठवली, तर त्या नातेवाइकालाही तेच पान दिसते. शिवाय आता मोठ्या व्हॉट्सॲप गटात १,०२४ पर्यंत सदस्य असू शकतात. 'आपलाच गट' हा शब्द अशा वेळी फार सैल होतो.

चित्रांच्या बाबतीत सर्व सेवांचे नियम एकसारखे नाहीत आणि ते बदलतही आले आहेत. चॅटजीपीटीने लिंकची सोय २०२३ मध्ये आणली, तेव्हा चित्रे असलेले संभाषण लिंकने पाठवताच येत नसे. दुसऱ्या टोकाला ग्रोक या सेवेचे उदाहरण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये फोर्ब्स नियतकालिकाने वृत्त दिले, की ग्रोकच्या वापरकर्त्यांनी लिंक केलेली ३ लाख ७० हजारांहून अधिक संभाषणे गूगलच्या शोधात सापडत होती आणि त्यांतील काहींमध्ये लोकांनी अपलोड केलेले फोटो व कागदपत्रेही उघडत होती. त्याआधी जुलै २०२५ च्या अखेरीस चॅटजीपीटीची काही संभाषणे अशीच शोधात दिसू लागली होती. तेथे लिंक तयार करताना संभाषण शोधात येऊ देण्याची एक चौकट होती आणि लोकांनी ती टिचकावली होती. कंपनीने ती सोय लगेच काढून टाकली.

आपल्या लिंकमध्ये चित्रे गेली आहेत की नाहीत, हे ओळखण्याचा उपाय साधा आहे. लिंक कोणालाही पाठवण्यापूर्वी कॉपी करावी, क्रोममध्ये 'New Incognito tab' उघडून तेथे ती चिकटवावी आणि पान अगदी वरपासून खालपर्यंत पाहावे. या टॅबमध्ये आपले खाते उघडे नसते, त्यामुळे जे दिसते तेच परक्या माणसाला दिसते. आपल्या नेहमीच्या खिडकीत पाहून निष्कर्ष काढू नये, कारण तेथे आपण मालक म्हणून आत असतो.

पण या तपासणीलाही एक मर्यादा आहे. समजा चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसली. तरी शिक्षिकेला मिळालेल्या उत्तरात त्या दाखल्यावरील मजकूर अक्षरशः उतरवलेला आहे: नाव, तारीख, आईवडील, शेरा. चित्र झाकले गेले, पण मजकूर उघडाच राहिला. दाखल्यांसारख्या चित्रांत जपण्यासारखे असते ते छायाचित्र नव्हे, त्यावरील अक्षरे.

धर्मसभेच्या कायद्याने या अक्षरांकडे नेहमीच गांभीर्याने पाहिले आहे. कलम ५३५ नुसार दृढीकरण, विवाह, दत्तकविधान इत्यादी नोंदी स्नानसंस्काराच्या नोंदवहीत कराव्या लागतात आणि दाखल्यावरही त्या उतरवाव्या लागतात. त्याच कलमात नोंदवह्या परक्यांच्या हाती पडू नयेत याची काळजी धर्मगुरूंवर सोपवली आहे. कलम २२० प्रत्येकाच्या सुकीर्तीचे आणि खाजगीपणाचे रक्षण करते. आपण दत्तक आहोत हे त्या मुलाला घरी अद्याप सांगितलेले नसेल, तर ते त्याला वर्गमित्राच्या मोबाइलवरून कळणे किती क्लेशदायक ठरेल!

लिंक गेलीच असेल तर काय करावे? व्हॉट्सॲपवरील संदेश सर्वांसाठी पुसण्याची मुदत सुमारे अडीच दिवस असते. पण तो पुसला तरी लिंक जिवंतच राहते. ज्याने ती उतरवून ठेवली त्याला ती उघडते. म्हणून मूळ लिंक बंद करावी. चॅटजीपीटीमध्ये 'Settings' मधील 'Data controls' या भागात 'Shared links' आहे. तेथे आपण आजवर तयार केलेल्या लिंक दिसतात व त्या काढून टाकता येतात. त्यानंतर पुन्हा इन्कॉग्निटो टॅबमध्ये लिंक उघडून ती बंद झाल्याची खात्री करावी. तरीही कोणी पडद्याचा फोटो घेतला असेल किंवा संभाषण स्वतःच्या खात्यात उतरवून पुढे चालू केले असेल, तर ती प्रत आपल्या हातात राहत नाही. शेऱ्यासारखी नोंद उघड झाली असेल, तर त्या कुटुंबाला विनाविलंब स्वतः जाऊन सांगावे. त्यांना ते दुसऱ्याकडून कळू देऊ नये.

आपल्या शिक्षिकेला खरे तर लिंकची गरजच नव्हती. यादीतील एकेक ओळ कॉपी करून ज्या त्या पालकाला खाजगी संदेशाने पाठवली असती, तर २४ संदेश लागले असते, म्हणजे फार तर अर्ध्या तासाचे काम. दाखले परक्या कंपनीच्या संगणकावर चढवावेत की नाही, हा प्रश्न तर त्याही आधीचा आहे, आणि तो फोटो काढण्यापूर्वी आपल्या धर्मगुरूंना विचारलेला बरा.