तारीख का सरकते? बर्नअप चार्टच्या दोन रेघा

मागच्या भागानंतर एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: रिलीजची तारीख पुढं गेली की दोष टीमचा की वाढलेल्या कामाचा, हे कळतं कसं? आज अहमदपूरच्या माझ्याच एका कामाचा हिशेब सांगतो.

मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी आम्ही पट्टीचं सॉफ्टवेअर करत होतो. सुरुवात १ जुलैला. एकूण काम १२० पॉइंट, दर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला २० पॉइंट उरकतील असा अंदाज. म्हणजे सहा स्प्रिंट, सप्टेंबरअखेर. सोयाबीनची आवक ऑक्टोबरात वाढते, त्याआधी सुरू व्हायला हवं होतं.

चार स्प्रिंट झाले तेव्हा बर्नडाउन चार्टवर शिल्लक काम ८० दिसत होतं. मालक म्हणाले, "दोन महिन्यांत चाळीसच? पोरं हळू चालतायत." चार्ट बघून कुणीही हेच म्हटलं असतं, कारण त्यात फक्त शिल्लक दिसते.

मग तेच आकडे बर्नअपवर काढले. यात दोन रेघा असतात. खालची झालेल्या कामाची, वरची एकूण कामाची. खालची सरळ चढत ८० वर आली होती, म्हणजे वेग ठरल्याप्रमाणे २०. वरची मात्र १२० वरून १६० वर गेलेली, दर स्प्रिंटला १० नं. टीम हळू असती तर वरची रेघ आडवी राहून खालचीच वाकली असती.

आता तारीख कशी काढायची? अंतर ८०. वरची रेघ आज थांबली तर ८० भागिले २०, अजून चार स्प्रिंट. ती अशीच चढत राहिली तर अंतर दर वेळी फक्त १० नं मिटतं, म्हणजे आठ स्प्रिंट. थेट डिसेंबर, हंगाम संपल्यावर!

पण वाढ कुणाची, हे रेघ सांगत नाही. आम्ही प्रत्येक वाढीची तारीख आणि कारण वहीत लिहीत होतो. ४० पैकी २६ पॉइंट मालकांच्या नव्या मागण्या होत्या: गोदामाचा साठा, शेतकऱ्याला एसएमएस. उरलेले १४ आमची चूक. हमाली-तोलाईची कपात गावागणिक, मालागणिक बदलते, हे आम्ही आधी धरलंच नव्हतं. ते मी मालकांसमोर कबूल केलं.

मालकांनी २६ पॉइंट दिवाळीनंतर ढकलले. एकूण उरले १३४, बाकी ५४, म्हणजे तीन स्प्रिंट. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहिली पट्टी निघाली.

एक काळजी घ्या. खालच्या रेघेत तपासून पूर्ण झालेलंच काम धरा. "नव्वद टक्के झालंय" असलं काम मोजलं, की ती रेघ खोटी चढते आणि सगळा हिशेब बिघडतो.