शाळेच्या वेळापत्रकातील इन्सुलिन

टाइप 1 मधुमेह असलेल्या मुलाच्या रक्तातली साखर दिवसभर सारखी वरखाली होत असते. शाळेच्या सहा तासांत तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम आईवडिलांच्या हातून शिक्षकांकडे जाते. या कामासाठी उपचार करणारे डॉक्टर शाळेला एक पत्र देतात. ‘विद्यार्थिनीस मधुमेह आहे, तरी तिची काळजी घ्यावी’ एवढ्याच मजकुराचे पत्र शाळेच्या फायलीत जाते आणि प्रसंग आला की कोणालाच आठवत नाही. उपयोगी पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असतात: साखर कधी तपासायची, कोणत्या आकड्याला काय करायचे आणि ते कोणी करायचे.

पत्राच्या सुरुवातीला आजाराची ओळख चार वाक्यांत दिलेली पुरते. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केल्यामुळे हा आजार होतो. जास्त गोड खाल्ल्याने तो होत नाही आणि तो संसर्गजन्यही नाही. मोठ्या माणसांना होणाऱ्या टाइप 2 मधुमेहाप्रमाणे गोळ्यांवर किंवा पथ्यावर तो सांभाळता येत नाही, इन्सुलिन बाहेरून रोज द्यावेच लागते. एवढे समजले की मुलीला गोड अजिबात द्यायचे नाही, तिच्या शेजारी कोणाला बसवायचे नाही असे गैरसमज सुरुवातीलाच दूर होतात.

डब्याआधीची दहा मिनिटे

पत्राचा मुख्य भाग शाळेच्या तासांच्या क्रमाने लिहिणे सर्वांत सोयीचे. नमुन्यादाखल चौथीतल्या नऊ वर्षांच्या, 28 किलो वजनाच्या एका मुलीचा दिवस घेऊ. तिची शाळा अकरा ते पाच आहे. रात्री ती दिवसभर पुरणारे संथ इन्सुलिन घेते आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारे इन्सुलिन घेते. सकाळी दहाचे जेवण घरी होते, त्यामुळे शाळेत फक्त एक डोस येतो, तो दोन वाजताच्या मधल्या सुट्टीचा.

पावणेदोनला ती हात धुते, बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर साखर पाहते. हात धुणे केवळ स्वच्छतेसाठी नसते. बोटाला फळाचा रस किंवा गूळ लागलेला असेल तर यंत्र खरी नसलेली मोठी साखर दाखवते आणि त्यावरून जास्तीचे इन्सुलिन दिले जाऊ शकते. समजा आकडा 200 आला. हे आकडे एक डेसिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर आहे ते सांगतात. डब्यात दोन लहान पोळ्या, भाजी आणि छोटे केळे आहे, म्हणजे सुमारे 40 ते 45 ग्रॅम कर्बोदके. या मुलीला साधारण 20 ग्रॅम कर्बोदकांमागे एक युनिट लागते, तेव्हा डब्यासाठी दोन युनिट झाले. साखर हवी त्याहून सुमारे 80 ने जास्त आहे, आणि तिच्यात एक युनिट साखर तेवढीच उतरवते, म्हणून आणखी एक. एकूण तीन युनिट.

हा हिशेब शिक्षकांनी करायचा नसतो. डॉक्टर त्याचा तयार तक्ता पत्रासोबत देतात आणि डब्यात किती कर्बोदके आहेत ते आई चिठ्ठीवर लिहून देते. मूल वाढते तसे डोस बदलतात, त्यामुळे हा तक्ता पत्रात न छापता वेगळ्या कागदावर, तारखेसह असावा आणि जुना कागद फाडून टाकावा. शाळेच्या माणसाचे काम दोन गोष्टींपुरते असते: पेनवर फिरवलेला आकडा तक्त्यातल्या आकड्याशी जुळतो का ते पाहणे, आणि सुई टोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मुलगी जेवायला बसली आहे ना याची खात्री करणे.

यातली दुसरी गोष्टच बहुतेक वेळा चुकते. इन्सुलिन शरीरात गेल्यावर ते जेवणाची वाट पाहत नाही. त्याच वेळी पाहुण्यांचे भाषण लांबले, वही अपुरी म्हणून मुलीला वर्गात थांबवले किंवा डबा सांडला, तर साखर वेगाने खाली येते. म्हणून जेवणाची वेळ ठरलेली असेल तरच सुई, आणि सुईनंतर जेवण कोणत्याही कारणाने पुढे ढकलायचे नाही, ही सूचना पत्रात ठळक अक्षरांत असावी. मुलगी डबा पूर्ण संपवेलच याचा भरवसा नसेल तर काय करायचे, तेही डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवावे.

साखर 70 च्या खाली

डब्यासोबत घेतलेल्या झटपट इन्सुलिनचा जोर पहिल्या एक-दीड तासात सर्वाधिक असतो. या मुलीच्या वेळापत्रकात सव्वातीनला खेळाचा तास आहे, म्हणजे नेमका त्याच वेळी. धावताना स्नायू रक्तातली साखर अधिक ओढून घेतात, त्यामुळे दोन्ही परिणाम एकत्र येतात. यासाठी पटांगणावर जाण्याआधी एकदा तपासणी करावी. आकडा 90 पेक्षा कमी असेल तर आधी थोडे खाऊन मग खेळायचे. खेळाचा तास बंद करणे हा उपाय नाही. खेळाच्या शिक्षकांना हे माहीत असणे आणि त्यांच्या खिशात ग्लुकोज असणे पुरेसे आहे.

साखर उतरल्याच्या खुणा शिक्षकांना वर्गात सहज दिसू शकतात, पण त्यांचा अर्थ चुकीचा लावला जातो. हात थरथरणे, घाम येणे, चेहरा पांढरा पडणे ही लक्षणे कोणालाही कळतात. पण एरवी शांत असणारी मुलगी अचानक चिडते, रडते, अक्षर बिघडते, प्रश्नाला भलतेच उत्तर देते किंवा बाकावर डोके टेकते, तेव्हा ते बेशिस्त वाटू शकते. मेंदूला साखर कमी पडल्याने असे होते. या मुलीत आधी कोणती खूण दिसते ते तिच्या पालकांना ठाऊक असते. पत्रात सर्वसाधारण यादीबरोबर तीही लिहिलेली असावी.

समजा खेळून आल्यावर तीन चाळीसला ती गप्प बसली आहे आणि यंत्र 58 दाखवते. या क्षणापासूनच्या पायऱ्या पत्रात क्रमांकाने द्याव्यात. तिला जागच्या जागी बसवायचे. दोन सपाट चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर अर्धा कप पाण्यात विरघळवून प्यायला द्यायची. हे प्रमाण वजनावरून ठरते. दर किलोला सुमारे 0.3 ग्रॅम या हिशेबाने तिला आठ ते दहा ग्रॅम पुरतात. चॉकलेट किंवा क्रीमची बिस्किटे या वेळी चालत नाहीत, कारण त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. 70 च्या वर आली आणि पुढचे खाणे तासाभराहून लांब असेल तर दोन साधी बिस्किटे किंवा छोटे फळ द्यायचे. अजून 70 च्या खालीच असेल तर तेवढाच ग्लुकोज पुन्हा द्यायचा आणि पालकांना फोन करायचा. यंत्र हाताशी नसेल तर आकड्यासाठी थांबायचे नाही, लक्षणे दिसताच ग्लुकोज द्यायचा.

साखर उतरलेल्या मुलाला एकट्याने ऑफिसात किंवा आरोग्य खोलीत पाठवू नये. जिन्यावर किंवा स्वच्छतागृहात ते कोसळू शकते. ग्लुकोज मुलाजवळ आणायचा, मुलाला ग्लुकोजजवळ पाठवायचे नाही. म्हणूनच ग्लुकोजचे पाकीट दप्तरात, वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या खणात आणि खेळाच्या साहित्यात अशा तीन ठिकाणी ठेवावे.

मूल बेशुद्ध झाले, त्याला झटके आले किंवा गिळता येईना, तर तोंडात काहीही घालायचे नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला कुशीवर वळवायचे, 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची आणि मग पालकांना कळवायचे. ग्लुकागॉन हे औषध कुटुंबाने शाळेत ठेवले असेल आणि कोणाला ते देण्याचे शिक्षण मिळाले असेल, तर पत्रात लिहिलेल्या प्रमाणात ते लगेच द्यावे.

साखर वाढते तेव्हा

वाढलेल्या साखरेत घाई क्वचितच लागते. जेवणानंतर तासाभरात आकडा 250 दिसला तरी अनेकदा तो डब्याचा परिणाम असतो आणि घेतलेले इन्सुलिन अजून काम करत असते. अशा वेळी पत्रात नसलेला जादा डोस दिला तर दोन्ही डोसांचा परिणाम एकावर एक चढतो आणि दोन तासांनी साखर धोकादायक खाली येते. या वेळी मुलीला भरपूर पाणी पिऊ द्यायचे आणि मागेल तेव्हा लघवीला जाऊ द्यायचे. वाढलेली साखर शरीर लघवीवाटे बाहेर टाकते, म्हणून तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. ‘सुट्टीत जा’ हे उत्तर तिला लागू होत नाही.

मात्र वाढलेल्या साखरेसोबत उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, किंवा श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास यांपैकी काही दिसले, तर ते अपचन समजू नये. इन्सुलिन अपुरे पडल्याने शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात, त्याची ही लक्षणे आहेत. सुई राहून गेली किंवा ताप आला तर हा धोका वाढतो. घरी जाऊन झोप असे सांगण्याऐवजी पालकांना फोन करून मुलीला त्याच वेळी रुग्णालयात न्यायचे.

परवानग्या आणि जबाबदाऱ्या

पत्राच्या अखेरच्या भागात शाळेकडून काय हवे ते नेमके मागावे. वर्गात तपासणी करण्याची, गरज पडल्यास तासाला खाण्याची, पाण्याची बाटली बाकावर ठेवण्याची परवानगी लागते. दंडावर साखर मोजणारा सेन्सर असेल तर तो वाचणारा मोबाईलही जवळ लागतो, आणि शाळेत मोबाईलला बंदी असल्यास तसा अपवाद लेखी हवा. सेन्सरचा आकडा रक्तातल्या साखरेपेक्षा काही मिनिटे मागे असतो, म्हणून आकडा आणि लक्षणे जुळत नसतील तर बोटाला टोचून खात्री करावी. परीक्षेत साखर उतरली तर वाया गेलेला वेळ भरून मिळावा. सीबीएसईने 2017 मध्ये बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्या टाइप 1 मधुमेही विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळे, खाऊ आणि पाणी जवळ ठेवू दिले. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2023 मध्ये शाळांत तपासणी, इन्सुलिन आणि खाणे यांची मुभा असावी असे राज्यांना कळवले. डॉक्टरांची मागणी त्यामुळे शाळेला परकी वाटण्याचे कारण नाही.

वापरातले इन्सुलिन पेन 30 अंशांखाली ठेवावे लागते. उन्हात तापलेल्या दप्तरात ते निकामी होते आणि फ्रीजरमध्ये गोठले तरी वाया जाते. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड डब्यात टाकून घरी परत पाठवायच्या.

जबाबदार व्यक्तींची नावे पत्रात लिहिलेली असावीत: एक मुख्य आणि तिच्या रजेच्या दिवसासाठी दुसरी. नऊ वर्षांची मुलगी स्वतः सुई टोचू शकत असली तरी डोस तपासायला मोठे माणूस लागते, आणि साखर उतरल्यावर तिच्याकडून निर्णयाची अपेक्षा करता येत नाही. आजाराची माहिती कोणाकोणाला द्यायची ते पालकांच्या लेखी संमतीने ठरावे. डॉक्टरांची सही, दवाखान्याचा आणि पालकांचा फोन, तारीख आणि पुढच्या जूनमध्ये पत्र नव्याने देण्याची नोंद एवढे झाले की पत्र पूर्ण होते. त्याची एक प्रत मुख्याध्यापकांकडे, एक वर्गशिक्षकांकडे, एक खेळाच्या शिक्षकांकडे द्यावी, आणि सहलीच्या दिवशी एक प्रत ग्लुकोज आणि इन्सुलिनसह सोबतच्या शिक्षकांच्या पिशवीत ठेवावी.