‘खेळ’ची व्याख्या वहीत का मावत नाही?

“खेळ म्हणजे काय?” हा प्रश्न पाचवी-सहावीच्या वर्गात विचारून बघा. पहिलं उत्तर बहुतेक वेळा ‘ज्यात कोणीतरी जिंकतं आणि कोणीतरी हरतं’ असं येतं. ते फळ्यावर लिहा आणि विचारा, भातुकलीत कोण जिंकतं? फुगडीत? भिंतीवर एकट्यानेच चेंडू आपटून झेलणारा मुलगा कोणाला हरवतो?

मग कोणीतरी सुचवेल, खेळाला नियम असतात. बुद्धिबळाला असतात, कबड्डीला असतात. पण भातुकलीत मघाची आई पाच मिनिटांत बाळ होते आणि कोणाचं काही अडत नाही. शिवाय नियम तर बँकेतही असतात. ‘मजा येते तो खेळ’ म्हणावं, तर मजा जत्रेतही येते, आणि अटीतटीच्या सामन्यातल्या शेवटच्या फलंदाजाला मजाच येत असेल असं नाही. ‘किमान दोघे हवेत’ म्हटलं की पत्त्यांतला पेशन्स बाहेर पडतो. प्रत्येक व्याख्या एकतर खेळ नसलेलं आत घेते, नाहीतर खेळालाच बाहेर काढते.

अशा वेळी आपण शिक्षक काय म्हणतो? “अजून विचार करा, सापडेल.” लुडविग विट्गेन्स्टाईन या तत्त्वज्ञाने नेमकी हीच सवय अडवली. (1920 ते 1926 ही वर्षं तो ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होता, हे जाता जाता सांगायला हवं.) त्याच्या मृत्यूनंतर 1953 मध्ये आलेल्या ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या पुस्तकात तो खेळांचंच उदाहरण घेतो. त्याचं सांगणं असं: एकच नाव आहे म्हणजे आत एक समान गोष्ट असणारच, हे आधीच ठरवू नका. एकेक खेळ समोर ठेवून नुसतं बघा.

बघितलं की काय दिसतं? बुद्धिबळ आणि कबड्डी यांत हार-जीत समान आहे, पण अंगमेहनत नाही. कबड्डी आणि फुगडीत अंगमेहनत आहे, हार-जीत नाही. फुगडी आणि भातुकलीत हार-जीत नसणं सारखं, बाकी फारसं काही नाही. एकाच घरातल्या माणसांचं असंच असतं ना? थोरलीचं नाक आजीसारखं, धाकट्याची चाल वडिलांसारखी, हसणं मात्र दोघांचं सारखं. सगळ्यांत असलेली अशी एकही खूण नसते, तरी फोटोत घराणं ओळखू येतं. म्हणून त्याने याला कुटुंबसाम्य म्हटलं. दुसरा दाखला सुताचा. पेळूतला कुठलाच तंतू सुताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून सूत टिकतं.

यावर एक सरळ आक्षेप आहे, तो टाळू नये. कशाचंही कशाशी थोडं साम्य असतंच. मग बँकही खेळ का नाही? नुसतं ‘साम्य’ म्हणून याचं उत्तर मिळत नाही. कोणतं साम्य मोजायचं हे शब्द वापरणारे लोक ठरवत जातात. जर्मन ‘श्पील’मध्ये नाटकही येतं. आपणही नाटकाचा ‘खेळ’ म्हणतो. इंग्रजीतला ‘गेम’ मात्र तिथे चालत नाही.

दुसरा आक्षेप बर्नार्ड सूट्सचा. 1978 च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात त्याने व्याख्या देऊनच दाखवली: गरज नसलेले अडथळे स्वखुशीने घेऊन ते पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. लंगडीला ती चपखल बसते. दोन पायांवर धावून पकडणं सोपं, तरी पकडणारा एकाच पायावर जातो. माझ्या मते लंगडी-क्रिकेटबद्दल इतकं नेमकं कोणी सांगितलेलं नाही. पण तिला गाठायला काहीतरी लक्ष्य लागतं. फुगडीत ते कुठलं? एकतर ओढूनताणून शोधा, नाहीतर फुगडी वगळा. वगळायची ठरवली, तर ती मराठीतल्या ‘खेळ’ या शब्दाची व्याख्या राहत नाही.

सीमा आखताच येत नाही, असं विट्गेन्स्टाईन म्हणत नाही. कामापुरती आखता येते. गल्लीत खेळपट्टी बावीस पावलं मोजतात. एक पाऊल म्हणजे इतके सेंटिमीटर असं नंतर ठरवता येईल, पण त्याआधीही पावलाने काम भागतच होतं. क्रीडास्पर्धेसाठी समिती ‘मैदानी खेळ’ कशाला म्हणायचं ते ठरवते, तसंच हे. ‘त्रिकोण’ मात्र वेगळा. तिथे तीन बाजूंची बंद आकृती ही अट सगळ्यांना लागू आहे आणि व्याख्या मागणं योग्यच आहे. म्हणून ‘व्याख्या लिहा’ हा प्रश्न काढताना शब्द कोणत्या जातीचा आहे ते बघा. ‘खेळ’, ‘कविता’ किंवा ‘सण’ असेल, तर दोन-तीन उदाहरणं, एक काठावरचं उदाहरण आणि ते आत की बाहेर याचं कारण मागा.

काठावरचं उदाहरण विट्गेन्स्टाईननेच दिलंय. कोणी सांगितलं, “मुलांना एखादा खेळ शिकवा,” आणि तुम्ही त्यांना फाशांचा जुगार शिकवलात. सांगणारा म्हणेल, “असला खेळ म्हणत नव्हतो मी.” पण तसं सांगताना जुगार वगळायचा, हे त्याच्या मनात आलेलं असायलाच हवं होतं का?