दोन टक्क्यांतला दरवळ

घरी सुगंधी रोल-ऑन बनवणाऱ्या बहुतेकांचा पहिला अनुभव सारखाच असतो. संत्र्याच्या तेलाचे थेंब खोबरेल तेलात मिसळतात, मनगटावर लावल्यावर झकास वास येतो आणि अर्ध्या तासात तो जवळजवळ नाहीसा होतो. मग तेल कमी पडले असे वाटून बाटलीत आणखी पाच-दहा थेंब जातात. वास तरीही टिकत नाही, मात्र त्वचेवर जाणारे तीव्र तेल दुप्पट-तिप्पट होते. वास टिकवण्यासाठी थेंब वाढवावे लागत नाहीत, थेंबांची निवड बदलावी लागते.

सुगंधी तेले म्हणजे अनेक रसायनांची मिश्रणे. त्यांतले लहान, हलके रेणू भराभर उडून जातात, मोठे आणि जड रेणू सावकाश उडतात. संत्र्याच्या सालीच्या तेलाचा बहुतांश भाग लिमोनिन या हलक्या रसायनाचा असतो. लॅव्हेंडरमधले लिनालूल आणि लिनॅलिल ॲसिटेट त्याहून सावकाश उडतात. उन्हाळ्यात माठात टाकतो त्या वाळ्याच्या मुळांच्या तेलातले रेणू याहून बरेच जड असतात. सुगंधाचे जाणकार या तीन थरांना टॉप, मिडल आणि बेस नोट म्हणतात, म्हणजे वरचा, मधला आणि तळाचा सूर. कनौजचे अत्तरवाले पिढ्यान्‌पिढ्या फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवत आले, त्यामागेही हेच तत्त्व आहे. चंदन तळाला बसते आणि हलका वास लवकर उडू देत नाही.

हे पटवून घ्यायचे असेल तर जाड कागदाच्या तीन पट्ट्या कापाव्यात, प्रत्येकीवर एकेका तेलाचा थेंब टाकून नाव आणि वेळ लिहावी. संत्रे तास-दोन तासांत संपते. लॅव्हेंडर काही तास रेंगाळते. वाळ्याची पट्टी दुसऱ्या दिवशीही बोलत असते.

याच तीन तेलांचे संध्याकाळी लावायचे रोल-ऑन करून पाहू. बाजारातली रोल-ऑनची बाटली साधारण १० मिलिलिटरची असते. निरोगी प्रौढ व्यक्तीने हातावर किंवा मानेवर थोड्याशा जागी लावायचे असेल, तर सुगंधी तेलांचे एकूण प्रमाण दोन टक्के ठेवतात. म्हणजे १० मिलिलिटरमध्ये ०.२ मिलिलिटर, अंदाजे चार थेंब. हे दोन टक्के तिन्ही तेले मिळून आहेत, प्रत्येकाचे वेगळे नाहीत. चेहऱ्यासाठी किंवा नाजूक त्वचेसाठी एक टक्काच पुरे.

आता चार थेंबांत तीन तेले कशी बसवायची? एक थेंब वाळ्याचा पडला की तो एकटाच पाव हिस्सा होतो, आणि वाळा इतका जोरकस असतो की बाकीचे दोघे दबतात. शिवाय वाळ्याचे तेल पाकासारखे दाट असते, थेंब हळू आणि मोठा पडतो. म्हणून आधी मूळ मिश्रण वेगळे करावे. गडद रंगाच्या छोट्या काचेच्या कुपीत संत्र्याचे दहा, लॅव्हेंडरचे सहा आणि वाळ्याचे चार थेंब घालावेत. हे साधारण एक मिलिलिटर भरते. झाकण घट्ट लावून दोन दिवस ठेवावे, कारण ताज्या मिश्रणात प्रत्येक वास सुटा जाणवतो, नंतर ते एकमेकांत मुरतात. मग कागदाच्या पट्टीवर वास घ्यावा. वाळाच पुढे येत असेल तर लॅव्हेंडरचे एक-दोन थेंब वाढवावेत. तासाभरातच सगळे विरले तर वाळ्याचा एक थेंब वाढवावा. कुपीत कितीही खटाटोप केला तरी शेवटचे प्रमाण बिघडत नाही, ही या पद्धतीची सोय.

मिश्रण मनासारखे झाले की थेंब मोजण्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारी एक मिलिलिटरची सिरिंज सुई काढून वापरावी. प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळ्या आकाराचा असतो, सिरिंजवरच्या रेघा मात्र फसवत नाहीत. कुपीतले ०.२ मिलिलिटर कोरड्या रोल-ऑन बाटलीत घालून वर खांद्यापर्यंत साधे तेल भरावे, स्टीलची गोळी दाबून बसवावी आणि बाटली तळव्यांत फिरवावी. कुपीतल्या मालात अशा सुमारे पाच बाटल्या होतात. सिरिंज पुन्हा वापरू नये, ही तेले तिच्यातले रबर फुगवतात.

साधे तेल कोणते? घरचे खोबरेल मुंबईत बरेचसे चालून जाते. पुण्या-नाशिकच्या थंडीत ते थिजते आणि गोळी फिरेनाशी होते. न थिजणारे फ्रॅक्शनेटेड खोबरेल किंवा जोजोबा बरे. बदाम तेलही चालते, पण घरात कोणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर नको. पाण्यात किंवा गुलाबपाण्यात ही तेले विरघळतच नाहीत. वर तरंगून ती विरळ न होताच त्वचेवर येतात.

आता घटकांबद्दल, कारण दोन टक्क्यांचा नियम सरसकट लागू होत नाही. दालचिनीच्या सालीच्या तेलाची त्वचेवरची शिफारस केलेली मर्यादा ०.०७ टक्के आहे. १० मिलिलिटरमध्ये एकच थेंब टाकला तरी अर्धा टक्का होतो, म्हणजे मर्यादेच्या सातपट. स्वयंपाकघरातला मसाला म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, ते रोल-ऑनमध्ये नकोच. बर्गमोटचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी लाल होऊन काळे डाग राहू शकतात. त्याची मर्यादा ०.४ टक्के आहे. यंत्राने दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलातही हाच दोष असतो. गोड संत्र्याच्या तेलात तो नसतो, म्हणून इथे वरच्या सुरासाठी संत्रे निवडले.

संत्र्याची अडचण वेगळी आहे. हवा लागून लिमोनिन जुने होते आणि त्यातून तयार होणारी संयुगे ॲलर्जी उत्पन्न करतात. लॅव्हेंडरमधल्या लिनालूलचेही तेच. तेलाचा गोड वास जाऊन टर्पेंटाइनसारखा उग्र वास येऊ लागला, तर ते फरशी पुसायच्या पाण्यात घालावे, अंगाला लावू नये. कुपी फ्रिजमध्ये ठेवली तर हा बदल लांबतो.

तयार रोल-ऑन आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे. खाज, लाली किंवा पुरळ आली तर लगेच थांबावे. जळजळ झाल्यास आधी साधे तेल लावून पुसावे, मग साबणाने धुवावे. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. गर्भवती महिलांनी आणि दमेकऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. दोन वर्षांखालील मुलांना असली तेले लावूच नयेत. निलगिरी आणि कापूर तर लहान मुलांच्या नाकाजवळही नेऊ नयेत. मूळ तेलांच्या कुप्या त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशाच जागी हव्यात, कारण थोडेसे पोटात गेले तरी विषबाधा होऊ शकते.

लॅव्हेंडरच्या वासाने थोडे शांत वाटते असे काही छोट्या अभ्यासांत आढळले आहे. निद्रानाशावरचा उपचार म्हणून मात्र या बाटलीकडे पाहू नये. आणि लावल्यावर थोड्या वेळाने स्वतःला वास येईनासा झाला, तर लगेच पुन्हा लावण्याआधी शेजारच्याला विचारावे. तोच वास सतत आला की नाक त्याची दखल घेणे थांबवते, समोरच्याला तो अजून येत असतो.