मजल्यावर मजला चढतो, पण दिसतं काय?

इमारतीच्या पुढच्या दोन भिंती कापून टाकलेल्या, आतल्या खोल्या उघड्या, आणि तळमजल्यापासून एकेक मजला येऊन बसतोय, अशा चित्रफिती आता सगळीकडे दिसतात. पूर्वी त्यासाठी ॲनिमेशन करणारा माणूस बसवावा लागे. आता चार ओळींचं वर्णन लिहिलं की व्हिडिओ बनवणारं एआय असं काहीतरी करून देतं. त्यातलं ‘काहीतरी’ काढून टाकायचं, तर हे चित्र कशावर उभं आहे ते आधी समजून घ्यायला हवं.

या चित्रणाला आयसोमेट्रिक म्हणतात. केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये त्याची रीत मांडली. यात इमारत कोपऱ्याकडून आणि साधारण ३५ अंश वरून पाहिलेली असते. उभ्या रेषा उभ्याच राहतात, आडव्या रेषा कागदाच्या तळाशी ३० अंशांचा कोन करतात, आणि लांब गेलेली वस्तू लहान होत नाही. म्हणूनच तळमजल्याची उंची आणि तिसऱ्या मजल्याची उंची चित्रात सारखीच भरते.

आता मुंबईतल्या एखाद्या जुन्या चाळीची कल्पना करा. तळमजला अधिक तीन मजले, दहा फूट रुंद आणि सोळा फूट खोल खोल्या, छत दहा फुटांवर. पुढची भिंत कापली की सगळी खोली दिसेल असं वाटतं, पण तसं होत नाही. या कोनातून पाहताना, वर स्लॅब असेल तर कापलेल्या कडेपासून छताच्या उंचीइतकीच जमीन दिसते. छत दहा फुटांवर, म्हणजे जमीनही दहाच फूट. मागचे सहा फूट, जिथे स्वयंपाकाचा ओटा आहे, ते वरच्या स्लॅबखाली झाकले जातात.

मजले एकामागून एक आणण्याचं खरं कारण हे आहे. वरचा मजला येण्याआधी खालची खोली वरून पूर्ण उघडी असते, ओट्यासकट. म्हणून वर्णनात ‘मजले एकेक करून येतात’ एवढंच लिहून भागत नाही. ‘आधी जमीन, मग भिंती, मग सामान, सामान मांडून झाल्यावर क्षणभर थांबा, त्यानंतरच वरचा मजला सरळ खाली उतरून बसेल’ असा क्रम लिहावा लागतो. आठ सेकंदांची फीत असेल, तर जोत्याला एक सेकंद, चार मजल्यांना प्रत्येकी दीड आणि शेवटी एक सेकंद स्थिर चित्र, असा हिशेब बसतो. सेकंद तंतोतंत पाळले जातील ही अपेक्षा मात्र नको.

पहिली खोड कॅमेऱ्याची. ही यंत्रणा मुख्यतः लेन्समधून टिपलेल्या दृश्यांवर शिकलेली असते, त्यामुळे रेषा हळूहळू एकमेकींकडे झुकू लागतात आणि कॅमेरा इमारतीभोवती फिरायला लागतो. ‘कॅमेरा हलवू नका’ यापेक्षा ‘कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जागी स्थिर, सर्व कडा समांतर’ हे जास्त लागू पडतं. नको असलेल्या गोष्टीचं नाव घेतलं की ती कधीकधी उलट येतेच. तपासणी सोपी आहे. शेवटचं चित्र थांबवून पडद्यावर पट्टी धरा. तळमजल्याची आणि तिसऱ्या मजल्याची कड समांतर नसेल, किंवा दोन्ही मजल्यांची उंची वेगळी भरत असेल, तर ते आयसोमेट्रिक राहिलेलं नाही.

दुसरी खोड जास्त त्रासदायक. तिसरा मजला येताना पहिल्या मजल्यावरची खिडकी सरकते, कठड्याचे गज वाढतात, कधी चार मजल्यांचे पाच होतात. कारण यंत्राकडे इमारतीचा आराखडा नसतोच. ते फक्त एकमेकांशी जुळतीलशी दिसणारी चित्रं रंगवतं. शब्द वाढवून हे सुटत नाही. त्यापेक्षा उलटं जावं. आधी पूर्ण चाळीचं एकच स्थिर चित्र बनवा. मग त्यातून छप्पर आणि तिसरा मजला काढा, नंतर दुसरा, असं करत जोत्यापर्यंत उतरा. ही पाच चित्रं होतात. लागोपाठच्या दोन चित्रांपैकी रिकामं आधी आणि भरलेलं नंतर, अशी सुरुवातीची व शेवटची चौकट म्हणून दिली की चार छोट्या फिती मिळतात. त्या जोडायच्या. दोन्ही टोकं बांधलेली असल्यामुळे मधल्या मधे फारसं बिघडत नाही. मजल्यांची नावं संकलन करताना वरून टाका. यंत्राने रंगवलेली देवनागरी जोडाक्षरं बहुधा तुटतात.

एवढं करूनही हे मापाचं चित्र होत नाही. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत अशी फीत दाखवली गेली, तर खोल्यांचं क्षेत्रफळ तिच्यावरून ठरवू नका; वास्तुविशारदाचा मोजमापांचा नकाशा मागा.